ग्राइंडरची पोच

"काजू, तुझा ग्राइंडर मिळाला. फार सुंदर आहे. मनापासून आभार."

एवढं लिहून कात्रीनं पेनाला टोपण लावलं, पुन्हा वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. वीजबिल भरल्याची पोच यापेक्षा प्रेमळ असते. जिच्या मांडीला मांडी लावून उभा जन्म काढला, तिला असं लिहायचं?

ही कात्री म्हणजे कापडाची कात्री नव्हे, बाई होती. चांगली भरल्या अंगाची, सुनेच्या घरात सुनेच्या बरोबरीनं हसणारी. पण शिवणकारखान्यात आयुष्यभर कापणीच्या टेबलावर उभी राहिली, तेव्हा मालकांनी नाव ठेवलं कात्री आणि ते चिकटलं. शेजारच्या स्टुलावर बसून कोटांची काजं करायची ती काजू. यंत्रावरच्या काजाला लोक काज म्हणतात हे देवाला कसं चालतं, असं काजू म्हणायची. तिचं हातानं केलेलं काज बाळाच्या मिटल्या ओठांसारखं दिसायचं. ती डावखुरी. टाका उलट्या अंगानं पडायचा, पण असा पडायचा की गिऱ्हाईक बटण लावायचं सोडून काजाकडेच बघत बसे.

दुपारी इस्त्र्या थंडावल्या की मागच्या खोलीतल्या शेगडीवर दोघींची कॉफी व्हायची. तिथे कामाची वाटणी ठरलेली होती आणि ती कधीही मोडली नाही. दळायचं काजूनं, ओतायचं कात्रीनं. काजू लाकडी पेटीचा जुना ग्राइंडर गुडघ्यांत धरायची आणि दांडा फिरवताना तोंडानं काहीतरी गुणगुणायची. कात्रीनं दांड्याला हात घातला की हातावर चापट.

"तुझा हात कापणाऱ्याचा, बाई. झटका देतो. दाण्याला झटका चालत नाही."

"आणि तुझा?"

"माझा देवानं बारीक कामासाठीच घडवलाय. तू आपली पाणी घाल."

गाळणी काजूनंच शिवलेली. अस्तराच्या उरलेल्या सुती कापडाची लांबट पिशवी, तोंडाला तारेचं कडं. पहिल्यांदा वापरण्याआधी ती जुन्या चोथ्याबरोबर उकळून खळ काढायची, नंतर साबण कधी लावायचा नाही, आणि रात्री गार पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर कापडातलं तेल खवट होतं. ती पिशवी धुणं हे काम कात्रीचं. एवढं सगळं येत होतं तिला, पण दळणं? छे. एक चमचाभर दाणेही तिनं आयुष्यात दळले नव्हते.

कारखाना बंद झाला, दोघी आपापल्या घरी गेल्या. काजू भाचीकडे राहायला गेली, बसनं तासाभराच्या अंतरावर. आधी महिन्यातून एकदा तरी येणं व्हायचं. गेलं वर्षभर मात्र काहीतरी बिनसलं होतं. फोन केला तर "बरी आहे गं, ठेवते." ये म्हटलं तर "बघू." वरून सांगायची, "मी कॉफी सोडली." भांडण असतं तर कात्रीनं तासाभरात मिटवलं असतं. पण न भांडता दूर जाणाऱ्या माणसाचं काय करायचं? हिवाळ्यात काजूनं एक जाकीट यंत्रावर शिवून पाठवलं, तर त्याला टिचबटणं! काजू आणि टिचबटण म्हणजे गवयानं मैफिलीत शिट्टी वाजवावी तसं. कात्रीला ते लागलं होतं. आता माझ्यासाठी एवढेही कष्ट नकोत हिला, असं तिच्या मनात आलं होतं.

आणि मग गेल्या रविवारी भाची दारात उभी. हातात दोरीची पिशवी, पिशवीत एक पोलादी नळकांडं, वर लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला लाकडी गोटी.

"आत्यानं दिलंय तुम्हाला, मावशी. आणि निरोप आहे. पुढच्या रविवारी मी येईन, तेव्हा चिठ्ठी लिहून ठेवायची. पहिल्या आठवड्यात कॉफी कशी कशी झाली ते सगळं. बिघडलेली लपवायची नाही, म्हणाली."

"बिघडेलच हे तिला कसं ठाऊक?"

"ते मी विचारलं. हसली फक्त."

काजू हसली, हे ऐकूनच कात्रीचं अर्धं काम झालं होतं. या चिठ्ठीत काहीतरी असं लिहायचं की ती हसत हसत या दारात येईल. एवढंच हवं होतं. पण नुसत्या "मनापासून आभार"नं कोण येतं?

म्हणून तिनं नवा कागद घेतला आणि खरं तेच लिहायला सुरुवात केली.

खरं असं होतं की सोमवारी सकाळीच तिनं घोटाळा केला. कापणाऱ्याचा एक नेम असतो. नवं कापड धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही, कारण आटायचं असेल ते आधी आटून जाऊ दे. त्याच नेमानं तिनं ग्राइंडर उघडला. खालचा डबा काढला, दांडा काढला, आतलं शंकूच्या आकाराचं दातेरी पातं आणि त्याच्याभोवतीचं कडं सुटं केलं. पातं सोडवताना तळाशी असलेली चकती फिरवावी लागली. ती टिकटिक आवाज करत फिरली. चकतीवर आडवा चिकटलेला लाल धाग्याचा तुकडा होता. पॅकिंगचा राहिला असेल म्हणून तो तिनं नखानं खरवडून काढला. मात्र फेकला नाही. शिवणातली बाई धागा फेकत नाही. भिंतीवरच्या टाचण्यांच्या उशीला अडकवून ठेवला. आणि मग सगळं नळाखाली धरलं.

सून मागून बघत होती. "आई, पाणी तपकिरी निघालं."

"नव्याचा रंग जातो पहिल्या धुण्याला."

"लोखंडाचा?"

कात्री हसली आणि विसरून गेली.

ओल्या पात्यावर दळायला बसली तर दाण्यांचा चिखल झाला. भुकटी बाहेर पडेचना, दातांत लोण्यासारखी बसली. सुनेनं केस वाळवायचं यंत्र आणून पात्यावर गरम वारा सोडला, आणि दातांतला लगदा कात्रीला शिवणयंत्राच्या ब्रशनं झाडून काढावा लागला. त्या दिवशी कॉफी झाली नाही. चिठ्ठीत लिहिलं: "सोमवार. ग्राइंडरला अंघोळ घातली. त्याला मानवली नाही. आता कळलं, याला पाणी दाखवायचं नसतं, नुसता ब्रश."

मंगळवारी तिनं सगळं पुन्हा बसवलं. पण ती चकती कुठे असायला हवी? तीच तर खरी किल्ली. घट्ट केली की पातं आणि कडं जवळ येतात, भुकटी बारीक पडते. सैल केली की दूर जातात, जाडी पडते. कात्रीनं मनाशी म्हटलं, घट्ट ते चांगलं, टाका घट्टच असावा. पार आवळली, दांडा फिरेना. एक टिक मागे घेतली आणि जोर लावला. दाणे कोणी दगडाचे भरले की काय असं वाटलं. खांद्यातून कळ आली, पण भुकटी पडली ती पावडरच्या डबीतल्यासारखी. पिशवीत घालून तिनं वरून गरम पाणी धरलं आणि थांबली. पाणी उतरेचना. तुंबलेल्या मोरीसारखं वर उभं राहिलं. बऱ्याच वेळानं जे खाली आलं त्यानं जीभ टाळूला चिकटली.

मुलगा एक घोट घेऊन म्हणाला, "आई, हे औषध कशावरचं?"

"तुझ्या जिभेवरचं. फार चालते हल्ली."

बुधवारी ती उलट टोकाला गेली, चकती सैल सोडली. दांडा असा गरगर फिरला की तिला वाटलं आत काहीच नाही. डब्यात पडला तो भरडा, निम्मे दाणे तर नुसतेच दुभंगलेले. पाणी वरून घातलं की खालून बाहेर, जणू त्याला कुठे गाडी गाठायची होती. कपात पिवळट, आंबट पाणी. वास मात्र खोलीभर पसरला, आणि त्या वासासरशी कात्री वेताच्या मोढ्यावर बसूनच राहिली. गरम इस्त्री, ओलं लोकरी कापड, टेबलावरच्या निळ्या खडूची धूळ. काजूच्या गुडघ्यांमधली ती पेटी. किती वर्षांनी ते सगळं एकदम आत आलं, आणि आलं तेही या आंबट पाण्यावर बसून! देवाला वाहन कुठलंही चालतं म्हणतात ते खोटं नाही.

"काय झालं आई?" सून.

"काही नाही गं. कारखाना आठवला."

"त्या काजूमावशींना फोन करा ना."

"करते. चिठ्ठी होऊ दे."

गुरुवारी तिनं कापणाऱ्याची अक्कल वापरली. माप चुकलं की कमरेत आणि छातीत एकदम फेर करायचा नाही, एका वेळी एकच जागा बदलायची. दाणे तेवढेच, पाणी तेवढंच, फक्त चकती. पूर्ण आवळून शून्य धरलं, तिथून टिकटिक मोजत मागे आली, थोडी दळली, चिमटीत घेऊन चोळली. मैद्यासारखी लागली, पुन्हा मागे. बोटांना कापडाचा पोत कळतो तसा हाही कळायला लागला. शेवटी जाड मिठाच्या जवळ काहीतरी आलं. दाण्यांमधून ओला चमचा फिरवला तर भुकटी डब्याच्या भिंतीला चिकटत नाही, हेही तिला तेव्हाच सापडलं. आणि हात! हात झटका देत होता. काजूची चापट आठवली. तिनं ग्राइंडर जरा तिरका धरला, म्हणजे दाणे एकदम पात्यावर न कोसळता एकेक करून सरकले, आणि दांडा सावकाश, एका लयीत फिरवला. हळूहळू आतून एक खालच्या पट्टीतली घरघर निघाली. काजू त्या घरघरीत सूर मिळवून गुणगुणायची, हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

कॉफी बरी झाली. बरी म्हणजे पाहुण्याला देता येईल अशी. पण ती नव्हे. दुपारच्या शेगडीवरची ती नव्हे.

शुक्रवारी सकाळी जाकिटाची शिवण उसवली म्हणून ती सुई घ्यायला टाचण्यांच्या उशीकडे गेली, आणि तो लाल धागा हाताला लागला. चष्मा लावून पाहिला. साधा धागा नव्हता. पिळाचा रेशमी धागा, काजांचा. कारखान्यात लाल रीळ एकटी काजू ठेवायची.

म्हणजे हा पॅकिंगचा नव्हता. काजूनं लावलेला होता.

कात्रीनं ग्राइंडर उलटा करून डबा काढला. तळाशी चकतीवर वाळलेल्या डिंकाचा बारीक ओरखडा राहिला होता. तिच्या शेजारी ग्राइंडरच्या अंगावरही तसाच एक. धागा दोन्हींवर आडवा बसवलेला असणार, म्हणजे चकती हलली की कळावं. तिनं शून्य धरलं आणि चकती मागे फिरवत आणली. पहिल्याच फेरीत दोन्ही ओरखडे समोरासमोर आले, तिनं गुरुवारी शोधलेल्या जागेच्या दोन टिक पुढे. तिनं दळलं, पाणी चढवलं. आधी थोडंसं घालून भुकटी नुसती भिजवली. ती फुगली, बुडबुडे आले, श्वास घेतल्यासारखी वर आली आणि खाली बसली. मग बारीक धार, मधून कडेला, कडेहून मधे. हे तर तिचंच काम, यात कोण तिचा हात धरणार!

पहिला घोट घेतला आणि तिनं कप खाली ठेवला. हीच. तंतोतंत हीच.

आता गंमत बघा, जे हवं होतं ते हाती आलं आणि बाई रडायला लागली. कारण घोटाबरोबर बाकीचंही खाली उतरलं. नव्या वस्तूतून तपकिरी पाणी निघत नाही. हा ग्राइंडर काजूचाच होता, रोज वापरलेला. आणि चकतीला खूण? काजूला कधी खूण लागली नव्हती. जुन्या लाकडी पेटीचा जाड-बारीक करायचा स्क्रू ती डोळे मिटून फिरवायची, बोटांना कळायचं. खूण कोणाला लागते? ज्याच्या बोटांना आता कळत नाही त्याला. शिवाय डिंक! जी बाई फुटलेल्या कपाचा कानसुद्धा डिंक न लावता धाग्यानं बांधायची, तिनं धागा डिंकानं चिकटवला, कारण गाठ मारता आली नाही. टिचबटणं लावली, कारण काज करता आलं नाही. "कॉफी सोडली," कारण दांडा फिरवता आला नाही. आणि "बघू" म्हणाली, कारण या घरात आली असती तर कात्रीनं पहिल्यांदा हातच पाहिले असते.

"आई?" सून दारात. "बिघडली का आजपण?"

"नाही गं. आज जमली."

सून शेजारी बसली आणि उरलेली कॉफी दोघींनी अर्धी अर्धी घेतली.

आता चिठ्ठीचं अवघड झालं. कळलं म्हणून लिहावं तर काजू मरेल लाजेनं. नाही लिहावं, नुसते आभार मानावे, तर तीही समजेल की प्रकरण मिटलं. ग्राइंडर दिला, मैत्रीण सुटली, आता घरात बसायला मोकळी. कात्रीनं शनिवारभर पेन दाताखाली धरलं. कणीक भिजवताना विचार केला, कपड्यांच्या घड्या घालताना केला. संध्याकाळी घड्या अर्ध्या टाकून उठली आणि एका दमात लिहून काढलं.

सोमवारची अंघोळ, मंगळवारचं औषध, बुधवारचं आंबट पाणी, सगळं होतंच. खाली तिनं जोडलं:

"शुक्रवारी तुझा लाल धागा सापडला. तो खरवडून काढला मी, माझंच चुकलं. खूण जुळवून दळलं, आणि काजू, आपली कॉफी आली गं. वासासकट आली. पण एक अडचण आहे. आपल्यात दळणं तुझं आणि ओतणं माझं. मी दोन्ही करते तेव्हा लक्ष दोन्हीकडे राहत नाही, आणि कप एकच भरतो. एकटीनं एवढं चांगलं प्यायचं म्हणजे पाप लागतं. म्हणून मी वाटणी केलीय. डबा आणि पातं माझ्याकडे. दांडा तुझ्याकडे. दोन्ही एका घरात आल्याशिवाय मी कॉफी पिणार नाही. फिरवणार मी. तू गुडघ्यांत धर. गुडघे शाबूत आहेत ना? की तेही कुणाला भेट दिलेस? तुझी, कात्री."

रविवारी भाची आली. कात्रीनं चिठ्ठीबरोबर दांडा त्याच दोरीच्या पिशवीत घालून दिला.

"मावशी, हे अर्धंच?"

"अर्धंच. आत्याला कळेल."

मग मात्र तिची परीक्षा सुरू झाली. सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन नाही. सकाळी मुलगा चहाचा कप पुढे करायचा आणि म्हणायचा, "आई, उपास कुठल्या देवाचा?" ती म्हणायची, "जागृत देवाचा. गप्प बस." आतून मात्र घाबरलेली. काजू मानी बाई. चिठ्ठी वाचून दांडा अडगळीत टाकला तर? डबा असा बिनदांड्याचा टेबलावर बघवेना, म्हणून तिनं त्यावर रुमाल झाकला.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात भाची, आणि भाचीच्या पुढे काजू. बारीक झालेली, पण ताठ. अंगावर जाकीट, त्यालाही टिचबटणं. पिशवी हातात नव्हे, मनगटात अडकवलेली.

"बाईसाहेब," काजू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुमच्या यंत्राचा एक सुटा भाग आमच्या पत्त्यावर आलाय. चुकून."

"चुकून नाही. सही करून पाठवलाय."

"भेट दिलेली वस्तू अर्धी परत करतात का गं? कुठली रीत?"

"आपली रीत. ये आत."

काजू आत आली, मोढ्यावर बसली आणि पिशवी काढता काढता थांबली. बोटं सांध्यांशी वाकलेली, एकमेकांवर चढलेली. कात्रीनं ती पाहिली आणि नजर हलवली नाही.

"टिक ऐकू येते," काजू म्हणाली, "पण लागत नाही बोटांना. दांडा धरला की सुटतो."

"मग सांगायचं नाही मला?"

"काय सांगू? काजूला काजं जमत नाहीत?" तिचा आवाज चिरकला. "कारखान्यात नाव ठेवलं तेच हातातून गेलं बघ. तू हसली असतीस."

"हसलेच असते. आधी रडले असते, मग हसले असते. मंगळवारचं औषध तू प्यायली असतीस तर तूही हसली असतीस."

"भाचीनं वाचून दाखवलं ते. ग्राइंडरला अंघोळ!" आणि काजू एकदम जुन्या हसण्यानं हसली, खांदे हलवत. "अगं, कापड आहे का ते?"

सुनेनं पाणी चढवलं. कात्रीनं दाणे भरले, ओला चमचा फिरवला, दांडा बसवला. पोलाद घसरतं म्हणून डब्याला ओलं फडकं गुंडाळून काजूच्या गुडघ्यांत दिलं. काजूनं ते सवयीनं आवळलं, किंचित तिरकं केलं. कात्री समोर वाकून उभी राहिली आणि फिरवायला लागली.

"झटका."

"कुठे दिला?"

"दिलास. मला गुडघ्यांना कळतं. हळू. हं... अशी."

घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं तीत दुसरा सूर मिसळला, आधी चाचरत, मग स्थिर. काजू डोळे मिटून गुणगुणत होती. सून गॅसपाशी तशीच उभी राहिली, भाची हातातली चप्पल खाली ठेवायचीही विसरली.

मग आतले दाणे संपले. कात्रीच्या हाताला ते कळायच्या आत काजूनं डोळे उघडले.

"झालं," ती म्हणाली. "थांब आता. ओत तू, ते तुझं काम."